नमुना दुप्पट केला, चौपट केला, तर कॉन्फिडन्स इंटरव्हल किती आवळतो? सेवच्या पाकिटांवरून समजून घ्या

इंदूरला सांवेर रोडच्या बाजूला नमकीनचे लहानमोठे कारखाने आहेत, आणि दरवर्षी कॉलेजची मुलं तिथे प्रोजेक्टसाठी येतात. विषय बहुधा ठरलेला: २०० ग्रॅमच्या पाकिटात सरासरी किती सेव भरली जाते? मुलं पंचवीस पाकिटं तोलतात, ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असावी असा अंदाज, काढतात, आणि सर सांगतात, "फार रुंद आलाय, नमुना वाढवा." किती वाढवायचा, हे कोणी सांगत नाही. मग मूल ५० पाकिटं तोलतं आणि रुंदी निम्मी का झाली नाही म्हणून आपली आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासत बसतं.

मी अशाच एका पॅकिंग विभागात काम केलं आहे आणि हा गोंधळ जवळून पाहिला आहे. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या कारखान्याचे नाहीत. पण वजनकाट्यावर साधारण असंच चित्र दिसतं.

१. आधी हे जवळ ठेवा

- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि तो तपासायला एक खात्रीचं वजन
- त्याच मालाच्या निदान दहा रिकाम्या पिशव्या
- वही किंवा स्प्रेडशीट. त्यात तीन रकाने हवेत: पाकिटाचं वजन, पेटीचा नंबर, भरण्याची वेळ
- कारखान्याची लेखी परवानगी. तोंडी "हो, या" म्हटलेलं असतं, पण पॅकिंगच्या ठिकाणी उभं राहिल्यावर शिफ्टचा माणूस बदललेला असतो

पेटीच्या नंबराचा रकाना बहुतेक जण गाळतात. तो गाळू नका. पाचव्या पायरीला त्याच्यावाचून काहीच करता येणार नाही.

२. पहिली २५ पाकिटं तोला आणि रुंदी काढा

समजा २५ पाकिटांची निव्वळ सरासरी २०१.८ ग्रॅम आली आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे वजनांचं सरासरीभोवतीचं विखुरणं, ४ ग्रॅम. स्टँडर्ड एरर म्हणजे ४ भागिले २५ चं वर्गमूळ, म्हणजे ०.८. ९५ टक्क्यांसाठी २४ डिग्रीज ऑफ फ्रीडमचा, म्हणजे नमुन्यातून एक वजा करून येणाऱ्या संख्येचा, टी गुणक २.०६४ आहे. गुणाकार १.६५ येतो. म्हणून इंटरव्हल २००.१५ ते २०३.४५ ग्रॅम, आणि पूर्ण रुंदी ३.३० ग्रॅम.

स्प्रेडशीटमध्ये हे तीन ओळींत होतं (वजनं A2 ते A26 मध्ये आहेत असं धरून):

```
B1: =AVERAGE(A2:A26)
B2: =STDEV.S(A2:A26)
B3: =CONFIDENCE.T(0.05,B2,25)
```

इथे पहिला खड्डा आहे. B3 मध्ये येतं ते अर्ध अंतर, म्हणजे "±" च्या पुढचा आकडा. पूर्ण रुंदी त्याच्या दुप्पट. एका मुलीने २५ पाकिटांसाठी पूर्ण रुंदी ३.३० लिहिली आणि ५० पाकिटांसाठी B3 चं १.१४ लिहून टाकलं. मग नमुना दुप्पट करून रुंदी एकतृतीयांश झाल्याचा निष्कर्ष अहवालात गेला. दोन्हीकडे एकच माप घ्या.

३. आता दुप्पट आणि चौपट करून बघा

विखुरणं तेच, म्हणजे ४ ग्रॅमच, राहिलं असं धरलं तर:

- २५ पाकिटं: रुंदी ३.३० ग्रॅम
- ५० पाकिटं: रुंदी २.२७ ग्रॅम
- १०० पाकिटं: रुंदी १.५९ ग्रॅम

नमुना दुप्पट केल्यावर रुंदी निम्मी होत नाही, साधारण ७१ टक्के उरते. निम्मी हवी असेल तर नमुना चौपट लागतो. कारण रुंदी नमुन्याच्या संख्येने नाही, तिच्या वर्गमूळाने भागली जाते.

वर्गमूळ कुठून आलं, हे चार पाकिटांवर बघा. प्रत्येक पाकीट सरासरीपासून सुमारे ४ ग्रॅम इकडेतिकडे असतं. चार पाकिटं एकत्र काट्यावर ठेवली तर एकूण वजन १६ ग्रॅम इकडेतिकडे व्हायला हवं असं वाटतं. पण तसं व्हायला चारही पाकिटं एकाच बाजूला चुकावी लागतील. प्रत्यक्षात एक जास्त भरतं, दुसरं कमी, आणि चुका काही अंशी एकमेकींना खातात. बेरीज करताना स्टँडर्ड डेव्हिएशनची बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते: १६ अधिक १६ अधिक १६ अधिक १६ म्हणजे ६४, त्याचं वर्गमूळ ८. एकूण वजन ८ ग्रॅम हलतं, आणि चाराने भागल्यावर सरासरी २ ग्रॅम हलते. एका पाकिटाचे ४ होते, चारांच्या सरासरीचे २ झाले. दोनच पाकिटं घेतली असती तर ३२ चं वर्गमूळ ५.६६ आणि दोनाने भागून २.८३. तेच ते ७१ टक्के.

या युक्तिवादात एक अट दडलेली आहे: पाकिटांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असायला हव्यात. ती लक्षात ठेवा.

तुमच्यातल्या चौकस वाचकाने पाहिलं असेल की २.२७ भागिले ३.३० म्हणजे ०.६९, ०.७१ नाही. १.५९ सुद्धा ३.३० च्या निम्म्यापेक्षा किंचित कमी आहे. हा जास्तीचा फायदा टी गुणकाचा. २५ ला तो २.०६४, ५० ला २.०१०, १०० ला १.९८४. नमुना लहान असताना ४ ग्रॅम हा आकडाच कच्चा असतो, आणि त्या कच्चेपणाची किंमत मोठ्या गुणकात चुकवावी लागते. डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत काम करणाऱ्या गॉसेटने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने हे मांडलं, कारण त्याच्या हाताशी मोजकेच प्रयोग असत. ५ पाकिटांवरून २० वर गेलात तर रुंदी ९.९३ वरून ३.७४ वर येते, म्हणजे निम्म्याच्याही बरीच खाली. म्हणून "चौपट केलं की निम्मं" हा नियम तीसचाळीसच्या पुढच्या नमुन्यांना लावा. पाचदहा पाकिटांवर तो लावलात तर वाढवलेल्या नमुन्याचा फायदा तुम्ही कमी धराल.

वर चढताना मात्र नियम निर्दय आहे. २५ वरून १०० वर जायला ७५ पाकिटं जास्त तोलावी लागतात. पुन्हा निम्मं करायला ४०० हवीत, म्हणजे आणखी ३००. त्यानंतर १६००.

४. तुमचे आकडे असे नेमके जुळणार नाहीत

वरचा हिशोब विखुरणं ४ ग्रॅमच राहिलं असं धरून आहे. प्रत्यक्षात नवीन पाकिटं तोलली की स्टँडर्ड डेव्हिएशनही बदलतं. समजा पहिल्या २५ वर ते ३.६ आलं आणि सगळ्या ५० वर ४.३. मग रुंदी २.९७ वरून २.४४ वर येईल, म्हणजे फक्त १८ टक्के कमी. यात चूक काही नाही. पहिली २५ पाकिटं योगायोगाने जरा एकसारखी निघाली होती, एवढंच. नमुना फार लहान असेल तर वाढवल्यावर इंटरव्हल चक्क रुंद झालेलाही दिसतो.

नियम सरासरीने खरा आहे. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर संगणकावर आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा असल्यास हे चालवा. खोटी पाकिटं हजारोंनी तयार होतात आणि प्रत्येक नमुन्याची सरासरी रुंदी हाती येते:

```
rundi <- function(n) mean(replicate(5000,
  diff(t.test(rnorm(n, 202, 4))$conf.int)))
sapply(c(25, 50, 100), rundi)
```

उत्तरं ३.२७, २.२६ आणि १.५८ च्या आसपास येतील. `mean` च्या जागी `range` लिहून बघा, म्हणजे एकाच नमुनासंख्येवर रुंदी किती खालीवर होऊ शकते ते कळेल. (तेव्हा उत्तर दोन ओळींत येतं, वर किमान आणि खाली कमाल.)

५. पाकिटं वाढवायची की पेट्या?

माझ्या मते सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथे फसतात, आणि फसल्याचं कळतही नाही.

मुलं दहा पेट्या उघडतात, प्रत्येकीतून दहा पाकिटं काढतात, आणि "नमुना १००" लिहितात. आमच्याकडे पॅकिंगला बसणाऱ्या मावशींनी एकदा एका मुलाला सरळ सांगितलं, "अरे बाळा, एका पेटीतली दहा पाकिटं म्हणजे एकाच भरणीची. मशीन त्या वेळेला जसं चालत असेल तशीच सगळी निघणार." अगदी नेमकं. भरणी यंत्राच्या हॉपरमध्ये सेव किती उरली आहे, ती किती चुरलेली आहे, सेटिंग कोणी केलं, यावर त्या पेटीतली सगळी पाकिटं एकदम थोडी जड किंवा थोडी हलकी भरतात. म्हणजे चुका स्वतंत्र नाहीत, आणि तिसऱ्या पायरीतली अट मोडली.

किती फरक पडतो ते बघू. समजा ४ ग्रॅमच्या विखुरण्यात पेटीपेटीमधला वाटा थोडा कमी आहे आणि पेटीच्या आतला जास्त. वर्गांत सांगायचं तर १६ पैकी ४.८ पेट्यांमधल्या फरकाचे आणि ११.२ पेटीच्या आतले. १०० पाकिटं सुटी धरून काढलेली रुंदी १.५९ ग्रॅम येते. आता बरोबर पद्धत: प्रत्येक पेटीच्या दहा पाकिटांची सरासरी काढा आणि त्या दहा सरासऱ्या हाच आपला नमुना समजा. त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन सुमारे २.४३ येईल, नमुना १०, टी गुणक २.२६२. रुंदी ३.४८ ग्रॅम. सुट्या पाकिटांवरून आलेल्या १.५९ च्या दुपटीहून जास्त.

आता सरांनी "नमुना दुप्पट करा" म्हटलं तर दोन रस्ते आहेत.

त्याच दहा पेट्यांतून दहाऐवजी वीस पाकिटं काढलीत तर एकूण २०० पाकिटं होतात, आणि रुंदी ३.४८ वरून ३.३१ वर येते. सगळी दुपार तोलण्यात गेली आणि इंटरव्हल पाच टक्के आवळला.

वीस पेट्या उघडून प्रत्येकीतून दहा काढलीत तरी पाकिटं २००च, पण रुंदी २.२८ वर येते.

आणि वीस पेट्यांतून पाचपाचच काढलीत, म्हणजे पाकिटं मुळात होती तेवढीच १००, तरी रुंदी २.४८. एकही पाकीट जास्त न तोलता, फक्त जास्त पेट्या उघडून, जवळजवळ एक ग्रॅम रुंदी गेली.

तुमच्या मालात असं आहे की नाही, हे कसं ओळखायचं? पेट्यांच्या सरासऱ्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. पाकिटं स्वतंत्र असती तर ते ४ भागिले १० चं वर्गमूळ, म्हणजे १.२६ च्या जवळ आलं असतं. २.४ आलं तर पेट्या आपापल्या तऱ्हेने भरल्या जात आहेत. १.३ किंवा १.४ आलं तर निश्चिंत राहा, थोडा फरक योगायोगानेही होतो. सरासऱ्यांची ही पद्धत प्रत्येक पेटीतून सारखीच पाकिटं काढली असतील तर सरळ चालते, म्हणून कुठून आठ, कुठून बारा असं करू नका.

घरोघरी सर्वेक्षण करणाऱ्यांनाही हेच लागू. रामबागेतल्या एकाच वाड्यातली दहा घरं विचारणं आणि शहरातल्या दहा वेगवेगळ्या वस्त्यांतलं एकेक घर विचारणं यांची किंमत सारखी नाही.

६. जे आवळत नाही

नमुना वाढवल्याने दोन गोष्टी अजिबात सुधारत नाहीत.

पहिली, काट्याची आणि पिशवीची चूक. निव्वळ वजनासाठी रिकाम्या पिशवीचं वजन वजा करावं लागतं. समजा पिशवी खरं तर ३.५ ग्रॅमची आहे, पण कुठल्याशा दुसऱ्या मालाची हलकी पिशवी तोलून तुम्ही २ ग्रॅम वजा केले. प्रत्येक पाकीट १.५ ग्रॅम जड दिसणार. खरी सरासरी २००.३ असताना तुम्हाला २०१.८ दिसते. २५ पाकिटांवर इंटरव्हल २००.१५ ते २०३.४५ आहे, खरा आकडा निदान काठावर तरी सापडतो. चौपट करून १०० वर गेलात की इंटरव्हल २०१.० ते २०२.६ होतो आणि खरा आकडा बाहेर पडतो. जास्त मेहनत करून तुम्ही चुकीच्या आकड्याभोवती घट्ट कुंपण घातलंत. म्हणून दहा रिकाम्या पिशव्या तोलून त्यांची सरासरी घ्या, आणि सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी खात्रीचं वजन काट्यावर ठेवून वहीत नोंदवा.

दुसरी, पाकिटांचं स्वतःचं विखुरणं. इंटरव्हल सरासरीचा आहे, एकेका पाकिटाचा नाही. १०० पाकिटांनंतर "माल आता २०१.० ते २०२.६ ग्रॅमचा आहे" असं लिहिणारे खूप जण भेटतात. सरासरी २०१.८ आणि डेव्हिएशन ४ असताना, वजनं घंटेच्या आकाराने पसरली असतील तर साधारण एकतृतीयांश पाकिटं २०० च्या खाली असतात. तुम्ही १६०० तोललीत तरी ती तितकीच राहतील. ते कमी करायचं तर भरणी यंत्र सुधारावं लागतं.

७. शेवटी उलटा हिशोब: किती तोलू?

आधी हवी ती अचूकता ठरवा, मग नमुना काढा. पाकिटं स्वतंत्र असतील तर १.९६ ला डेव्हिएशनने गुणा, हव्या त्या अर्ध अंतराने भागा आणि वर्ग करा. ±१ ग्रॅम हवं असेल तर (१.९६ × ४ ÷ १) चा वर्ग, म्हणजे ६२ पाकिटं. ±०.५ हवं असेल तर २४६. मागणी निम्मी, काम चौपट.

पेट्यांचा फरक असेल तर ४ च्या जागी पेटीसरासऱ्यांचं २.४३ घाला. उत्तर पाकिटांत नाही, पेट्यांत येतं: ±१ ग्रॅमसाठी २३. टी गुणक धरला की ते २६ पर्यंत जातं, म्हणून दोनतीन पेट्या जास्तच धरा. ±०.५ साठी, टी गुणक धरून, ९४ पेट्या. हा आकडा कारखानदाराला सांगितलात की तो अर्थातच नाही म्हणेल, आणि ±१ वर तुमचं एकमत होईल. तो बोलण्याचा भाग आहे, पण आकडा हातात असेल तर बोलता येतं.

सुरुवातीच्या २५ पाकिटांवरून आलेलं डेव्हिएशन कमी निघालेलं असू शकतं, हे चौथ्या पायरीत पाहिलं. म्हणून नियोजनात ते थोडं वाढवूनच धरा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: संख्या आधी ठरवा आणि तिथेच थांबा. दर दहा पाकिटांनंतर इंटरव्हल काढून बघायचा आणि २०० त्यातून बाहेर पडला की तोलणं बंद करायचं, असं केलंत तर तो इंटरव्हल ९५ टक्क्यांचा राहत नाही. दर वेळी डोकावताना चुकून बाहेर पडण्याची एक नवी संधी तुम्ही देत असता.

अहवालात नमुन्याची ओळ अशी लिहा: "२६ पेट्या, प्रत्येकीतून १० पाकिटं, पेटीसरासऱ्यांवरून काढलेला ९५ टक्के इंटरव्हल, अर्ध अंतर इतकं, पिशवीचं वजन १० रिकाम्या पिशव्यांच्या सरासरीने वजा." नुसतं "नमुना २६०" लिहिलंत तर परीक्षकाला पेट्या किती होत्या ते विचारावं लागतं, आणि तो विचारतोच.